u उणे, मग v काय? आरसा आणि भिंगाच्या गणितांतली चिन्हं

वह्या तपासताना एक उत्तर मला पुन्हा पुन्हा भेटतं. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर 20 सेमी, मेणबत्ती 30 सेमीवर. मुलगी लिहिते u = 30, f = 20. अपूर्णांकांची वजाबाकी चोख, प्रतिमेचं अंतर v = 60 येतं, आणि खाली अधोरेखित केलेलं असतं: 'v धन आहे, म्हणून प्रतिमा आभासी'. आकडा अगदी बरोबर आहे, पण खरी प्रतिमा वास्तव आहे आणि पडद्यावर धरता येते. सगळी मेहनत करून ती शेवटच्या ओळीत चुकली, आणि चुकली ती पहिल्या ओळीमुळे.

या लेखात मी ही एकच मेणबत्ती धरून चालणार आहे. उंची 4 सेमी, नाभीय अंतर सगळीकडे 20 सेमी, मेणबत्ती आधी 30 सेमीवर आणि मग 12 सेमीवर. आधी आरशासमोर, नंतर भिंगासमोर. आकडे मुद्दाम तेच ठेवले आहेत. आरशात आणि भिंगात नेमकं काय बदलतं हे त्यामुळे उघडं दिसेल. आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात आरसे नववीत येतात आणि भिंगं दहावीत, त्यामुळे मुलं एक सूत्र अर्धवट विसरून दुसरं शिकतात. घोळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

आधी रेघ ओढा

गणित वाचलं की सूत्राकडे धावू नका. एक आडवी रेघ ओढा, तो मुख्य अक्ष. मधे आरसा किंवा भिंग काढा आणि मेणबत्ती त्याच्या डावीकडे ठेवा. कायम डावीकडेच. प्रकाश डावीकडून उजवीकडे निघाला आहे, असं दाखवणारा एक बाण वर काढा.

आता प्रत्येक अंतर मधल्या बिंदूपासून मोजायचं. आरशात तो ध्रुव, भिंगात प्रकाशीय केंद्र. तिथून प्रकाशाच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे मोजलेलं अंतर धन. उलट दिशेने, म्हणजे डावीकडे मोजलेलं अंतर ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण. कार्टेशिअन चिन्ह संकेत म्हणतात तो एवढाच आहे. आलेखाच्या कागदावर x आणि y अक्ष असतात तसेच हे, आरंभबिंदूवर फक्त आरसा किंवा भिंग बसवलंय.

यातून एक गोष्ट लगेच हाती लागते. मेणबत्ती डावीकडे आहे, म्हणून u नेहमी ऋण. आरसा असो, भिंग असो, 30 सेमी म्हटलं की u = -30 लिहायचं. (एका भिंगाची प्रतिमा दुसऱ्या भिंगाची वस्तू होते तेव्हा u धनही येऊ शकतं, पण ती भानगड पुढच्या वर्गांतली. दहावीपर्यंत डोळे मिटून उणे.)

f चं चिन्ह पाठ करण्याची मुलांना फार हौस. 'अंतर्वक्र आरसा ऋण, बहिर्वक्र भिंग धन' असा चार ओळींचा तक्ता ते घोकतात आणि पेपरात दोन ओळींची अदलाबदल होते. त्यापेक्षा नाभी कुठे पडते ते चित्रात बघा. लांबून समांतर किरण आले, ते कुठे एकत्र येतात? अंतर्वक्र आरसा त्यांना परत डावीकडे आणून गोळा करतो, म्हणून f ऋण. बहिर्वक्र भिंग त्यांना पलीकडे उजवीकडे गोळा करतं, म्हणून f धन. बहिर्वक्र आरशात किरण पसरतात आणि आरशामागून आल्यासारखे वाटतात, म्हणजे नाभी उजवीकडे, f धन. अंतर्वक्र भिंगात ते पसरताना डावीकडच्या एका बिंदूतून आल्यासारखे वाटतात, f ऋण. तक्ता लक्षात राहिला नाही तरी दोन किरण काढले की चिन्ह मिळतं.

गणितात नाभीय अंतराऐवजी वक्रता त्रिज्या दिली असेल तर आरशासाठी ती निम्मी करा. चिन्ह त्रिज्येलाही तेच लागतं.

मेणबत्ती आरशासमोर

दिलेलं अगदी असंच मांडा, चिन्हासकट:

u = -30 सेमी
f = -20 सेमी
h1 = +4 सेमी
v = ?

v पुढे प्रश्नचिन्हच राहू द्या. त्याला आपण चिन्ह द्यायचं नाही, ते सूत्रातून येईल. 'प्रतिमा वास्तव येणार, मग v आधीच ऋण लिहून टाकू' असं म्हणून काही जण -v लिहितात. मग सूत्र एक उणे देतं, यांचं एक उणे आधीच बसलेलं असतं, आणि दोन्ही मिळून उत्तर धन होतं. ज्याची किंमत माहीत आहे त्याला चिन्ह, ज्याची माहीत नाही त्याला नाही. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका जातात.

आरशाचं सूत्र 1/f = 1/v + 1/u. आकडे टाकायच्या आधी v एकटा बाजूला काढा:

1/v = 1/f - 1/u

आता किमती कंसात घालूनच टाका. कंस हा इथला खरा सोबती आहे, कारण सूत्रातलं उणे आणि किमतीचं उणे अशी दोन वेगळी उणे आहेत आणि कंस नसेल तर त्यातलं एक हमखास गळतं.

1/v = 1/(-20) - 1/(-30)
1/v = -1/20 + 1/30
1/v = -3/60 + 2/60
1/v = -1/60
v = -60 सेमी

शेवटची ओळ विसरू नका. 1/v = -1/60 वर थांबून v = -1/60 लिहिणारे दर वर्षी भेटतात. उत्तर एक सेंटिमीटरहून लहान आलं की आधी इथेच बघावं.

आता v = -60 बोलतंय काय? प्रतिमा आरशाच्या डावीकडे, मेणबत्तीच्याच बाजूला, 60 सेमीवर आहे. आरशावर आपटलेला प्रकाश परत फिरून कुठे जातो? डावीकडेच. म्हणजे जिथे प्रतिमा आहे तिथे किरण खरोखर पोहोचतात. तिथे कागद धरला तर त्यावर ज्योत उमटेल. म्हणून प्रतिमा वास्तव.

हा प्रश्न जपून ठेवा: प्रकाश तिथे खरोखर पोहोचतो का? पोहोचत असेल तर वास्तव, नसेल तर आभासी. स्वरूप ठरवायला मला आजवर याहून वेगळा नियम लागलेला नाही.

विशालन काढू. आरशासाठी M = -v/u.

M = -(-60)/(-30) = -2

इथे तीन उणे एकत्र आले आहेत, सावकाश मोजा. अंशातली दोन मिळून +60, खाली -30, म्हणून -2. उणे म्हणजे प्रतिमा उलटी. 2 म्हणजे दुप्पट. h2 = M × h1 = -2 × 4 = -8 सेमी. अक्षाखाली लोंबणारी 8 सेमीची मेणबत्ती.

उत्तर पूर्ण वाक्यात लिहा: प्रतिमा आरशासमोर 60 सेमी अंतरावर, वास्तव, उलटी, वस्तूच्या दुप्पट आकाराची. नुसतं v = -60 लिहून सोडलं तर 'स्वरूप सांगा' या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच नाही.

आता मेणबत्ती 12 सेमीवर आणा. म्हणजे नाभीच्याही आत.

1/v = 1/(-20) - 1/(-12) = -3/60 + 5/60 = 2/60
v = +30 सेमी
M = -(30)/(-12) = +2.5

v धन झालं, प्रतिमा आरशाच्या मागे 30 सेमीवर. तिथे काय आहे? भिंत असेल, कपाट असेल, प्रकाश मात्र नाही. प्रकाश आरशातून आरपार जात नाही. म्हणून ही आभासी. M धन, म्हणून सुलट, आणि अडीचपट मोठी. दाढीचा आरसा चेहऱ्याजवळ धरला की गाल मोठा दिसतो तो याच प्रकारे.

मधे एक जागा राहिली: मेणबत्ती बरोबर 20 सेमीवर, म्हणजे नाभीवर. तिथे 1/v = -1/20 + 1/20 = 0 येतं. याचा अर्थ v = 0 नव्हे! v = 0 म्हणजे प्रतिमा आरशाला चिकटलेली. 1/v शून्य म्हणजे v अनंत. किरण समांतर निघून जातात आणि कुठेच भेटत नाहीत.

तीच मेणबत्ती भिंगासमोर

आरसा काढून तिथे बहिर्वक्र भिंग ठेवू. u तेच -30. नाभी आता उजवीकडे, म्हणून f = +20. सूत्रात मधलं चिन्ह बदलतं: 1/f = 1/v - 1/u. म्हणजे

1/v = 1/f + 1/u

1/v = 1/20 + 1/(-30) = 3/60 - 2/60 = 1/60
v = +60 सेमी

आकडा तोच, 60. चिन्ह मात्र उलट. पण प्रतिमा तरीही वास्तवच आहे, कारण भिंगातून प्रकाश आरपार जातो. तो उजवीकडे खरोखर पोहोचतो, आणि प्रतिमाही उजवीकडेच आहे. आरशात प्रकाश परत फिरतो म्हणून वास्तव प्रतिमेचं v ऋण. भिंगात तो पुढे जातो म्हणून वास्तव प्रतिमेचं v धन. नववीत 'v ऋण म्हणजे वास्तव' एवढंच पाठ केलेला मुलगा दहावीत याच ठिकाणी पडतो.

भिंगासाठी विशालन M = v/u. इथे पुढे उणे नाही.

M = 60/(-30) = -2

उलटी आणि दुप्पट, आरशासारखीच. मेणबत्ती 12 सेमीवर आणली तर:

1/v = 1/20 + 1/(-12) = 3/60 - 5/60 = -2/60
v = -30 सेमी
M = (-30)/(-12) = +2.5

आता प्रतिमा मेणबत्तीच्याच बाजूला, डावीकडे. प्रकाश तर उजवीकडे निघून गेलाय. म्हणून आभासी, सुलट, अडीचपट.

आरशाची दोन उत्तरं आणि भिंगाची दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. v चं चिन्ह दोन्ही वेळा उलटलं. M चं चिन्ह एकदाही नाही. -2 तेच, +2.5 तेच. कारण M उलटी-सुलट सांगतं, आणि मेणबत्ती उलटी दिसते की सुलट हे डोळ्यांना दिसणारं सत्य आहे, साधन कुठलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन सूत्रांतली चिन्हं एकमेकांविरुद्ध आहेत ती या दोन गोष्टी जुळाव्यात म्हणूनच.

हे मी एकदा घरी करून पाहिलं होतं. भिंगाचं f ठाऊक नसेल तर दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरायचं आणि पुढेमागे करायचं. एका ठिकाणी बाहेरचं झाड भिंतीवर उलटं, नाण्याएवढं आणि रंगीत उमटतं. भिंतीपासून भिंगापर्यंत पट्टी लावली की तेच साधारण f, कारण लांबच्या झाडासाठी 1/u जवळजवळ शून्य असतं. माझं जवळपास 20 सेमी आलं. रात्री दिवे मालवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंगापासून 30 सेमीवर मेणबत्ती लावली आणि दुसऱ्या बाजूला वहीचं पान सरकवत नेलं. साठ सेंटिमीटरच्या आसपास ज्योत उलटी, मोठी, जराशी फिकट अशी उभी राहिली. फुंकर घातली की पानावरची ज्योत विरुद्ध दिशेला कलायची. मग मेणबत्ती 12 सेमीवर आणली आणि पान टेबलाच्या टोकापर्यंत नेलं, पानावर नुसता उजेडाचा डाग. भिंगातून डोकावल्यावर मात्र मोठी सुलट ज्योत पलीकडे बसलेली. 'आभासी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मला खरा वाटला.

प्रयोगात आकडे सूत्राशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळणारही नाहीत. दोन्ही सूत्रं अक्षाजवळून जाणाऱ्या किरणांसाठी आणि पातळ भिंगासाठी आहेत. कडेचे किरण थोडे वेगळ्या जागी भेटतात, म्हणून प्रतिमेची कड धूसर राहते. भिंगापुढे मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा लावला की ती सुधारते.

पसरवणारी दोन साधनं

बहिर्वक्र आरसा आणि अंतर्वक्र भिंग इथे फार वेळ घेणार नाहीत. मेणबत्ती 30 सेमीवर, f आरशासाठी +20, भिंगासाठी -20.

आरसा: 1/v = 1/20 - 1/(-30) = 5/60, v = +12, M = -(12)/(-30) = +0.4
भिंग: 1/v = 1/(-20) + 1/(-30) = -5/60, v = -12, M = (-12)/(-30) = +0.4

दोन्ही आभासी, सुलट, लहान. खरी वस्तू कुठेही ठेवा, या दोघांकडून दुसरं काही मिळत नाही, आणि प्रतिमा नेहमी नाभीच्या आतच राहते. या साधनांच्या गणितात M ऋण आलं, किंवा v चा आकडा f पेक्षा मोठा आला, तर परत वर जाऊन चिन्हं बघा. गाडीच्या बाजूचा आरसा बहिर्वक्र असतो तो या लहान पण सुलट प्रतिमेसाठीच. समजा त्याचं f 1 मीटर आहे आणि मागची मोटारसायकल 9 मीटरवर आहे. v = +0.9 मीटर आणि M = +0.1 येतं. प्रतिमा अशी लहान असल्यामुळे ती आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखी वाटते.

चूक झाली हे कसं कळणार

आता सुरुवातीच्या मुलीकडे परत जाऊ. तिने आरशासाठी सगळं धन घेतलं, u = 30, f = 20, आणि v = +60 आलं. तिने M काढलं असतं तर M = -60/30 = -2. आता दोन साक्षीदार समोरासमोर उभे आहेत. v म्हणतंय प्रतिमा आरशाच्या मागे, म्हणजे आभासी. M म्हणतंय ती उलटी. एका आरशाने किंवा एका भिंगाने केलेली खऱ्या वस्तूची आभासी प्रतिमा उलटी असूच शकत नाही. वास्तव असेल तर उलटी, आभासी असेल तर सुलट. तिसरी जोडी नाही. म्हणजे कुठेतरी चिन्ह चुकलंय, आणि हे उत्तराकडे न बघता कळलं.

दुसरी नेहमीची चूक: f ला उणे लावलं, u ला विसरलं. 1/v = 1/(-20) - 1/30 = -5/60, v = -12. M = -(-12)/30 = +0.4. इथे v म्हणतंय वास्तव, M म्हणतंय सुलट. पुन्हा भांडण, पुन्हा चूक. शिवाय अंतर्वक्र आरशाची वास्तव प्रतिमा नाभीच्या आत, 12 सेमीवर कधी पडत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, प्रश्नात विशालन विचारलं नसलं तरी कोपऱ्यात काढा. दोन ओळींचं काम आहे.

एक इशारा. घरातल्या जुन्या पुस्तकात कधी कधी वेगळा संकेत सापडतो: वास्तव ते सगळं धन, आभासी ते ऋण, आणि आरसा-भिंग दोघांना एकच सूत्र 1/v + 1/u = 1/f. तो संकेतही बरोबरच आहे आणि त्यातून उत्तरंही बरोबर येतात. पण त्याचं सूत्र घेऊन आपली चिन्हं टाकली, की खिचडी होते. काका-मामांनी समजावलेलं आणि वर्गातलं जुळत नसेल तर भांडण्याआधी कोण कुठला संकेत वापरतंय ते विचारा.

v दिलं असेल तेव्हा

आतापर्यंत v शोधत होतो. कधी v च दिलेलं असतं, पण चिन्हाशिवाय, आणि ते चिन्ह वाक्यातून काढावं लागतं. 'पडद्यावर' हा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारा. पडद्यावर फक्त वास्तव प्रतिमा येते. मग आरसा असेल तर v ऋण, भिंग असेल तर v धन.

उदाहरणार्थ: वस्तू भिंगापासून 30 सेमीवर असताना पलीकडे 60 सेमीवरच्या पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळते, तर भिंग कुठलं आणि f किती? u = -30, v = +60.

1/f = 1/60 - 1/(-30) = 1/60 + 2/60 = 3/60
f = +20 सेमी

f धन आलं, म्हणून बहिर्वक्र. 'प्रतिमा उलटी आहे, मग v ऋण' असं समजून v = -60 घेतलं असतं तर f = +60 येतं, जे दिसायला अगदी सभ्य आहे. अशी चूक सहज निसटते. पण M = (-60)/(-30) = +2, म्हणजे पडद्यावर सुलट प्रतिमा, आणि ते होत नाही. उलटेपणाचं उणे h2 आणि M मधे जातं, v मधे नाही. v ला फक्त डावं-उजवं कळतं.

यापेक्षा अवघड, पण मला आवडणारं गणित असं: अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर 15 सेमी आहे. वस्तू कुठे ठेवली तर तिप्पट मोठी प्रतिमा मिळेल?

'तिप्पट' एवढंच म्हटलंय. उलटी की सुलट, सांगितलेलं नाही. म्हणून M = -3 आणि M = +3 अशा दोन्ही शक्यता धरायच्या. f = -15. u आणि v दोन्ही अज्ञात, दोघांनाही आपण चिन्ह देणार नाही.

वास्तव प्रतिमा हवी असेल तर M = -3. -v/u = -3, म्हणून v = 3u.

1/(-15) = 1/(3u) + 1/u = 4/(3u)
3u = -60
u = -20 सेमी, v = -60 सेमी

आभासी हवी असेल तर M = +3, v = -3u.

1/(-15) = -1/(3u) + 1/u = 2/(3u)
3u = -30
u = -10 सेमी, v = +30 सेमी

दोन्ही वेळा u आपोआप ऋण आलं, हे बघा. ते धन आलं असतं तर मेणबत्ती आरशामागे गेली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. उत्तरंही चित्राशी जुळतात: 20 सेमी हे नाभी (15) आणि वक्रता केंद्र (30) यांच्या मधे आहे, तिथे वास्तव मोठी प्रतिमा येते, 10 सेमी नाभीच्या आत आहे, तिथे आभासी मोठी. प्रश्नात 'पडद्यावर' असतं तर फक्त पहिलं उत्तर लिहायचं, 'सुलट' असतं तर फक्त दुसरं. काहीच नसेल तर दोन्ही लिहा.

चष्म्याचा नंबर

शेवटचं गणित माझ्या एका विद्यार्थ्याच्या नाकावरचं. त्याला 50 सेमीच्या पलीकडचं धूसर दिसायचं. फळा वाचता यावा म्हणून कुठलं भिंग हवं?

फळा लांब आहे, तो अनंतावर धरू, म्हणून 1/u शून्य. भिंगाने काय करायचं? फळ्याची प्रतिमा अशा जागी आणायची जिथे या मुलाला स्पष्ट दिसतं, म्हणजे डोळ्यांसमोर 50 सेमीवर. ती जागा फळ्याच्याच बाजूला आहे. प्रकाश मात्र भिंगातून डोळ्यात निघून गेलाय, म्हणजे प्रतिमा आभासी. v = -50.

1/f = 1/(-50) - 0
f = -50 सेमी = -0.5 मीटर
P = 1/f = 1/(-0.5) = -2 डायॉप्टर

शक्ती काढताना f मीटरमधेच हवं. सेंटिमीटर ठेवलं तर -0.02 येतं, आणि असा नंबर कुठल्याच दुकानात मिळत नाही. अंतर्वक्र भिंग, मायनस दोनचा नंबर.

वहीत त्याने पहिल्यांदा v = +50 लिहिलं होतं आणि प्लस दोन काढले होते. मी म्हटलं, ठीक, तुला प्लस दोनचा चष्मा देऊ. आता त्यातून स्पष्ट दिसेल अशी सगळ्यात लांबची वस्तू कुठे असेल ते काढ. f = +50, आणि प्रतिमा त्याला दिसावी म्हणून v = -50.

1/u = 1/v - 1/f = 1/(-50) - 1/50 = -2/50
u = -25 सेमी

चष्म्याशिवाय निदान 50 सेमीपर्यंत दिसत होतं, त्याच्या चष्म्याने ते 25 वर आलं. तो हसला, चष्मा काढून पुसला, आणि वहीतल्या 50 च्या आधी उणे लिहिलं.